सुई टोचली, पुढे काय: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही

प्रश्न: काल रात्री पावणेदोनला रक्ताची उलटी होऊन आलेल्या ५८ वर्षांच्या पेशंटला इंट्राकॅथ लावत होते. त्यांनी हात झटकला आणि बाहेर काढलेली सुई ग्लोव्ह फाडून माझ्या डाव्या तर्जनीत गेली. बोट दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिट लावलं. पेशंट लिव्हरचा आहे एवढंच कळलंय, एचआयव्हीचा रिपोर्ट फाइलमध्ये नाही. माझे हिपॅटायटिस बीचे दोन डोस झालेत, तिसरा राहिला. ड्युटी डॉक्टर म्हणतात, सकाळी सर आल्यावर बघू. आता पहाटेचे पाच वाजलेत. मला एचआयव्ही होईल का? काय करू?

उत्तर:

सर आल्यावर करण्यासारखी बरीच कामे आहेत, पण एक काम त्यांची वाट पाहत थांबवू नये. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम ही तीन औषधे असलेली एकच गोळी मिळते, तिला एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, कामात सगळे टीएलडी म्हणतात. तिची पहिली मात्रा आत्ता घ्यावी. तुमच्या रुग्णालयात ती नसेल, तर जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. एआरटी केंद्र सकाळी उघडते, पण सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी पहिल्या मात्रेची सोय अपघात विभागात ठेवावी असे अपेक्षित असते. पहिली गोळी घेतली म्हणजे २८ दिवसांचा कोर्स बांधून घेतला असे होत नाही. पेशंटचा अहवाल दुपारी आला आणि गरज नाही असे ठरले, तर ती बंद करता येते. उलट अहवालाची वाट पाहण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

या घाईचे कारण विषाणूच्या वागण्यात आहे. त्वचेतून आत गेलेला एचआयव्ही लगेच रक्तभर पसरत नाही. पहिले एक-दोन दिवस तो टोचलेल्या जागेच्या आसपासच्या पेशींत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत असतो. तेवढ्या अवधीत औषध रक्तात पोहोचले, तर संसर्ग मूळ धरण्याआधी थांबवता येतो. माकडांवरच्या टेनोफोविरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसले होते. चोवीस तासांच्या आत सुरू करून २८ दिवस औषध दिलेली माकडे वाचली, आणि ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केल्यावर किंवा थोडेच दिवस दिल्यावर संरक्षण अर्धवट राहिले. म्हणून शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत, अशी मर्यादा नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तुमचे सव्वातीन तास गेले आहेत. ते फार नाहीत, पण त्यात आणखी चार तास घालण्याचे कारणही नाही.

बोट दाबून रक्त काढण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे आणि मीही निवासी डॉक्टर असताना हेच केले होते. त्याचा फायदा होतो असा पुरावा नाही, आणि पिळल्याने त्या जागेच्या ऊती दुखावतात. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणे एवढेच पुरे असते. तुम्ही स्पिरिट लावले त्याने काही बिघडले नाही; ब्लीच किंवा हायपोक्लोराइट मात्र जखमेवर कधी घालू नये. आता एकदा साबणाने नीट धुऊन घ्या आणि तो विषय संपवा.

तुम्ही विचारलेत ते एचआयव्हीबद्दल, पण तुमच्या हकिगतीतला मला अस्वस्थ करणारा भाग वेगळा आहे. यकृताचा पेशंट आणि बीचे अपुरे लसीकरण, हे दोन्ही एकत्र आले आहेत. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचलेल्या हजार जणांना काहीही उपचार दिला नाही, तर त्यांपैकी साधारण दोन ते तीन जणांना संसर्ग होतो. हिपॅटायटिस सीसाठी जुन्या पुस्तकांत हजारात अठरा हा आकडा असे. नंतरच्या मोठ्या पाहणीत तो हजारात दोनच्या आसपास आला. हिपॅटायटिस बीचे गणितच निराळे आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या हजार जणांत बीचा संसर्ग साठपासून तीनशेपर्यंत जणांना होऊ शकतो, आणि पेशंटच्या रक्तात ई-अँटिजेन असेल तर त्याहूनही जास्त. बीच्या पेशंटच्या रक्तात विषाणू कधीकधी इतके प्रचंड असतात की डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातही ते पुरेसे ठरतात. शिवाय टेबलावर वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. हे सगळे फक्त प्रतिकारशक्ती नसलेल्यांना लागू आहे. ज्याचे तीन डोस पूर्ण होऊन टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण, पुरेसे आले आहे, त्याला बीच्या सुईची भीती जवळपास नाहीच.

एचआयव्हीचे हजारात दोन-तीन हे सरासरी प्रमाण आहे आणि प्रत्येक टोचणीला ते सारखे लागू होत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि युरोपातील संसर्ग झालेल्या व न झालेल्या कर्मचाऱ्यांची तुलना केली होती. खोल जखमेत धोका सुमारे पंधरा पट वाढला, आणि सुईवर रक्त दिसत असणे, सुई थेट शिरेत किंवा धमनीत घातलेली असणे व पेशंटचा आजार शेवटच्या टप्प्यात असणे यांनीही तो चार ते सहा पट वाढवला. त्याच अभ्यासात झिडोव्युडिन घेतलेल्यांचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळला. तुमची सुई पोकळ होती, नुकतीच शिरेतून निघालेली होती, आणि तिने ग्लोव्ह फाडून रक्त काढले. टाके घालण्याची भरीव सुई असती, तर ग्लोव्हच्या रबराने तिच्यावरचे बरेचसे रक्त पुसून घेतले असते. पोकळ सुईच्या आतले रक्त मात्र तसेच राहते. म्हणून तुमची टोचणी किरकोळ या सदरात मोडत नाही, आणि पेशंटचा अहवाल येईपर्यंत गोळी घेणे योग्य आहे.

आता पेशंटकडे वळू. त्यांच्या तीन तपासण्या हव्यात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीसाठी अँटी-एचसीव्ही. लहान रुग्णालयांतही या तिन्हींच्या कार्ड टेस्ट असतात आणि निकाल अर्ध्या तासात कळतो. रक्ताची उलटी झालेला पेशंट असल्यामुळे क्रॉसमॅचसाठी घेतलेला नमुना फ्रिजमध्ये असणारच, आणि तोच गुपचूप वापरून एचआयव्ही तपासून टाकू असे कोणीतरी सुचवेलच. तसे करू नये. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे माहिती देऊन घेतलेली संमती लागते, आणि पेशंट संमती देण्याच्या स्थितीत नसतील तर ती त्यांच्या वतीने देणाऱ्या जवळच्या माणसाकडून घ्यावी लागते. माझा अनुभव असा की शांतपणे सांगितले तर बहुतेक नातेवाईक हो म्हणतात: “आमच्या सिस्टरला तुमच्या वडिलांना सुई लावताना टोचली, तिच्या उपचारासाठी ही तपासणी हवी आहे.” घाबरवणारा स्वर आणि संशयाचा सूर लागला की नकार येतो. त्याच कायद्याने तुमच्या संस्थेवर कर्मचाऱ्यांना सुरक्षित कामाची जागा आणि संसर्गानंतरचे औषध पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे “सकाळी बघू” हे उत्तर पुरेसे नव्हते. एक सूचना जाता जाता: टोचलेली सुई तपासणीला पाठवू नये. त्यातून विश्वासार्ह काही कळत नाही, आणि ती हाताळणाऱ्यालाही धोका होतो.

तुमचे स्वतःचे रक्तही आजच द्यायचे आहे. एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही, क्रिएटिनिन, यकृताचे एएलटी आणि शक्यता असेल तर गर्भचाचणी. गरोदर असाल तरी औषध नाकारले जात नाही, फक्त डॉक्टरांना माहीत असावे लागते. आजचे अहवाल निगेटिव्ह असणे म्हणजे या टोचणीचा निकाल नाही. आजवर तुम्हाला संसर्ग नव्हता, एवढेच ते सांगतात. पण पुढे काही निघाले, तर ते या घटनेतून आले की आधीचे होते, हे ठरवणारा कागद हाच असतो, आणि नुकसानभरपाईच्या वेळी तोच विचारला जातो. म्हणून घटना नोंदवहीत वेळ, पेशंटचा क्रमांक, सुईचा प्रकार आणि साक्षीदार यांसह आजच लिहा. तुमच्या एचबीएसएजीचा अहवाल आणखी एका कारणासाठी हवा. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही दोन्ही औषधे बीच्या विषाणूवरही चालतात. कोणाला आधीपासून नकळत बीचा संसर्ग असेल आणि ती औषधे अचानक थांबली, तर यकृताचा आजार उसळून येऊ शकतो. आमच्याकडे आलेल्या एका वॉर्डबॉयचा एचबीएसएजी पहिल्याच दिवशी पॉझिटिव्ह निघाला होता. त्याला स्वतःला काही पत्ता नव्हता, आणि त्याच्या गोळ्या आम्ही यकृततज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवल्या नाहीत.

अशा घटनेत पुढे काय काय होते, ते एक उदाहरण धरून सांगतो. समजा तुमच्या पेशंटचा एचआयव्ही निगेटिव्ह आला, अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह आला आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला. यकृताच्या पेशंटमध्ये हे अगदी संभवते. एचआयव्ही निगेटिव्ह असेल आणि पेशंट नुकताच संसर्ग झालेल्या अवस्थेत असल्याची काही शंका नसेल, तर तुमची टीएलडी तिथेच बंद होते. आता सगळा भार बीवर येतो. तुमचे दोनच डोस झाले असल्यामुळे तुम्ही अपुरे लसीकरण झालेल्या गटात मोडता, आणि दोन डोसांनंतर काढलेल्या टायटरवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दोन गोष्टी एकाच दिवशी करायच्या: हिपॅटायटिस बीचे इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे आणि राहिलेला तिसरा डोस द्यायचा. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे. तुमचे शरीर लसीला प्रतिसाद देईपर्यंत ती तुमचे रक्षण करतात. लस दंडाच्या स्नायूत द्यायची, कंबरेत नाही, कारण तिथे चरबीत गेलेली लस नीट काम करत नाही. इम्युनोग्लोब्युलिन शरीराच्या दुसऱ्या जागी, वेगळ्या सिरिंजने. तीन डोसांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. कितीही दिवस झाले असले तरी राहिलेला डोस तिथूनच पुढे धरायचा.

इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा पुस्तकांत वजनाच्या दर किलोला ०.०६ मिलिलिटर अशी लिहिलेली असते, म्हणजे ५५ किलो वजनाला सुमारे ३.३ मिलिलिटर. पण आपल्या बाजारातल्या कुप्या आंतरराष्ट्रीय एककांत विकल्या जातात आणि त्यांची शक्ती कंपनीनुसार वेगवेगळी असते, म्हणून मिलिलिटर मोजण्याआधी कुपीसोबतचे पत्रक वाचावे लागते. हे इंजेक्शन महाग आहे आणि रात्री मिळत नाही, पण त्याला एचआयव्हीच्या गोळीइतकी तासांची घाईही नसते. चोवीस तासांच्या आत मिळाले तर उत्तम. सात दिवसांनंतर त्याचा उपयोग धरला जात नाही. औषधांच्या दुकानात सकाळी दहाला फोन करून मागवणे हेच शहाणपणाचे. लसही त्याच चोवीस तासांत घ्यावी आणि इम्युनोग्लोब्युलिन येईपर्यंत ती अडवून ठेवू नये. टीएलडी चालू आहे म्हणून इम्युनोग्लोब्युलिन टाळण्याचा विचार कोणी मांडला तर तो स्वीकारू नका. ती गोळी लसीची किंवा इम्युनोग्लोब्युलिनची जागा घेत नाही.

पेशंटचा एचबीएसएजी निगेटिव्ह आला, तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, फक्त तिसरा डोस पूर्ण करायचा. पेशंट दुसरीकडे हलवला गेला आणि काहीच कळणार नसेल, तर अपुरे लसीकरण झालेल्या व्यक्तीला एचबीएसएजी पॉझिटिव्ह धरूनच उपचार देतात. आमच्या सफाई कामगारांच्या बाबतीत हेच करावे लागते, कारण पिवळ्या पिशवीत कोणाची सुई आली ते कोणी सांगू शकत नाही. सुई पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे, असे नियम २०१६पासून आहेत, आणि तरीही ती पिवळ्या पिशवीत सापडते.

एचआयव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, किंवा कळण्याचा मार्गच नसेल आणि शंका असेल, तर गोळ्या पूर्ण २८ दिवस घ्यायच्या, रोज एक, शक्यतो एकाच वेळी. पेशंट आधीपासून एआरटीवर असेल आणि त्याचा विषाणूभार दाबलेला असेल, तर धोका खूपच कमी असतो. तरीही कोर्स सुचवला जातो, आणि पेशंट कोणती औषधे घेतो ते एआरटी केंद्राला कळवावे. माझ्या काळी झिडोव्युडिनची मळमळ इतकी असे की जेवणाचा डबा उघडवत नसे, आणि कित्येक जण दहाव्या-बाराव्या दिवशी गोळ्या सोडून देत. टीएलडी त्या मानाने सोपी आहे. काहींना डोके दुखते, काहींची झोप उडते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी. दोन गोष्टी मात्र नर्सिंग स्टाफमध्ये हमखास चुकतात. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचे पांढरे पातळ औषध डोल्युटेग्रॅविरला आतड्यात बांधून टाकते, म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तात या गोळीमुळे मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, त्यामुळे डॉक्टरांना सांगून त्याची मात्रा पाहावी लागते. क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसले तर घाबरू नका. डोल्युटेग्रॅविर मूत्रपिंडाला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेते. पण आधीच वाढलेले असेल तर टेनोफोविर देण्याआधी विचार करावा लागतो.

हिपॅटायटिस सीसाठी घेण्याजोगे प्रतिबंधक औषध किंवा इंजेक्शन नाही, आणि कोणी सुचवले तर नकार द्या. इथे काम एवढेच: संसर्ग झालाच तर लवकर ओळखायचा. पेशंटचा अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह असेल, तर तीन ते सहा आठवड्यांनी तुमच्या रक्तात विषाणूचा आरएनए तपासायचा आणि चार ते सहा महिन्यांनी अँटी-एचसीव्ही. केवळ अँटी-एचसीव्हीवर थांबणाऱ्यांचा घोळ असा होतो की प्रतिपिंडे यायला वेळ लागतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांत कार्ड निगेटिव्ह दिसते. सुरुवातीला बहुतेकांना लक्षणे नसतात, तेव्हा कावीळ झाली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. संसर्ग झालाच तर सोफोसबुविरसोबत वेल्पाटासविर किंवा डाक्लाटासविर अशा गोळ्यांचा १२ आठवड्यांचा कोर्स बहुतेकांना पुरतो, शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक जण बरे होतात, आणि २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

पुढच्या तारखा आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. एचआयव्हीचा कोर्स चालू राहिला, तर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने या टप्प्यांवर तपासणी होते, आणि तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान करायचे नाही, बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांशी बोलून घ्यायचे. पेशंट निगेटिव्ह असल्याने गोळ्या थांबल्या असतील, तर हे बंधन लागत नाही. बीच्या बाबतीत घरच्यांपासून भांडी वेगळी ठेवणे किंवा मुलांना दूर ठेवणे याची गरज नाही. तापासोबत अंगभर पुरळ आणि घसा दुखणे पहिल्या काही आठवड्यांत आले, किंवा दोन-तीन महिन्यांनी डोळे पिवळे आणि लघवी गडद दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रक्त द्या. सहा महिन्यांनी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी तपासले की बीच्या संसर्गाचा प्रश्न मिटतो.

शेवटी टायटरचे. लसीचा क्रम पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस या प्रतिपिंडांचा टायटर तपासतात, आणि तो १० किंवा त्याहून जास्त आला की त्या कर्मचाऱ्याला सुरक्षित धरतात. पण इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यानंतर इतक्या लवकर तपासलेत, तर बाहेरून आलेली प्रतिपिंडेच मोजली जातील आणि आकडा छान दिसेल. आमच्या एका सिस्टरच्या फाइलमध्ये दुसऱ्या महिन्यातला असा उत्तम टायटर लावलेला होता आणि ती निर्धास्त होती. आठ महिन्यांनी तपासला तेव्हा तो ४ आला, आणि तिला तीन डोस पुन्हा घ्यावे लागले. तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, तर तुमची टायटरची तारीख आजपासून सहा महिन्यांपुढची आहे.